पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल रवंथ करत नाही : ठोंबरा, पुरणपोळी आणि पोटातलं आम्ल

दारव्हा_कोरडवाहू (सकाळी ७.१०)

राम राम मंडळी. काल पोळा झाला. आज पहाटेपासून माह्या एका बैलानं कडब्याले तोंड लावलं नाई. मान खाली टाकून उभा आहे, दात खाऊन राह्यला. रवंथ बिलकुल नाई. डावी कूस भरलेली दिसते पण ढोलासारखी फुगली नाई. शेण पातळ, पिवळसर, आंबूस वास येते, त्यात ज्वारीचे दाणे जसेच्या तसे.

बैल गावठी, सहा वर्षांचा, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. एरवी कडबा, तुरीचं कुटार अन् बांधावरचं गवत, एवढंच खाते. कालचा हिशेब असा : दोघांसाठी चार किलो ज्वारीचा ठोंबरा शिजवला, त्यातला तीन किलोचा यानंच ओढला. तोरणाखालून सुटल्यावर गावात फिरवला, घरोघरी पुरणपोळी, तीसेक तरी झाल्या असतीन. काई घरी सुपात गहू ठेवले होते, ते दोनेक किलो. अन् गूळ, एक किलो धरा. जोडीदार ठणठणीत आहे. आज कर, दवाखान्यात कोणी भेटन का नाई माहीत नाई. काय करू?

बळीरामकाका_मूर्तिजापूर (सकाळी ७.२५)

अपचन आहे, घाबरू नको बापू. दरसाल पोळ्याले दोन-चार बैलांचं असं होतेच. पाव लिटर गोडंतेल, त्यात हिंग अन् काळं मीठ. वरून दोन लिटर आंबट ताक, लिंबू पिळून. संध्याकाळपर्यंत मोकळा होते. पाणी भरपूर पाज, पोटातलं पुढं सरकन.

निवृत्त_पशुधन (सकाळी ७.४०)

दारव्हेकर, ताक आणि लिंबू अजिबात पाजू नका. बळीरामकाका, तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो वेगळ्या रोगाचा आहे. युरिया चाटलेल्या ढोराला आम्ही स्वतः व्हिनेगर पाजतो, कारण तिथे पोटात अमोनिया होऊन सामू, म्हणजे आम्ल वाढलं की खाली जाणारा आकडा, वर चढलेला असतो आणि आंबट पदार्थ तो खाली आणतो. कोवळ्या घासाने फेसाळ पोटफुगी झाली तर तेलाने फेस मोडतो. या बैलाचं उलट आहे. त्याच्या पोटात आधीच झेपेल त्यापेक्षा जास्त आम्ल तयार झालंय, आणि ताकातलं आम्ल त्याच जातीचं. आगीत रॉकेल ओतल्यासारखं होईल.

दारव्हेकर, चार गोष्टी पाहून लगेच लिहा. शेवटचं खाणं किती वाजता झालं? शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने बोट ठेवून मिनिटभर नाडी मोजा. डाव्या कुशीत मूठ दाबून दोन मिनिटं धरा, आतून लाट येऊन मुठीला ढकलते का पाहा. त्याच जागी मूठ जोरात आत-बाहेर करा आणि कान लावा, मडक्यातल्या पाण्यासारखा डुचमळ आवाज येतो का? तोवर १९६२ ला फोन लावा. फिरता पशुवैद्यकीय दवाखाना आहे, पैसे लागत नाहीत. त्यांना "बैलाने धान्य जास्त खाल्लं" असंच सांगा. नुसतं "अपचन" म्हणाल तर नंबर मागे पडतो.

दारव्हा_कोरडवाहू (सकाळी ८.०५)

शेवटचं खाणं रात्री नऊला. नाडी ९२ मोजली, दोन वेळा. मुठीले लाट नाई आली, दोन मिनिटांत एकही नाई. आवाज येते साहेब, बम डुचमळते. १९६२ ले लागला फोन, गाडी दिग्रसकडं आहे, दुपार होईन म्हणते. ताक पाजलं नाई, घरचे घेऊनच आले होते.

निवृत्त_पशुधन (सकाळी ८.३०)

चांगलं मोजलंत. शांत उभ्या बैलाची नाडी साठ ते ऐंशी असते. ९२ म्हणजे त्रास सुरू झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. शंभराच्या आत असलेली जनावरं बहुतेक सावरतात. एकशेवीसच्या वर गेली आणि जनावर बसलं, की गणित बदलतं.

गाडी येईपर्यंत एवढं करा. दाणा, गूळ, पोळी, कोंडा, भाताची पेज काहीही दाखवू नका. कोरडा कडबा समोर ठेवा, चघळला तर उत्तम. दर तासाला दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा. हौदावर मोकळा सोडू नका, पाण्याचं कारण खाली लिहितो. खाण्याचा सोडा दीडशे ग्रॅम दोन लिटर कोमट पाण्यात विरघळवून पाजता येईल, पण बैल उभा असेल, शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तरच. बाटली गालाच्या कोपऱ्यातून, मान आडवी ठेवून, घोट-घोट. तोंड आभाळाकडे करून ओतलंत तर सोडा फुप्फुसात जाईल आणि आम्लाने नाही तर न्यूमोनियाने बैल जाईल. खोकला आला की तिथेच थांबा. सोड्याने गॅस सुटतो, म्हणून एकदम जास्त नको. कूस टणक फुगलेली असेल तर अजिबातच नको.

आता तुमचा हिशेब करून पाहू. ज्वारी ३ किलो. पुरणपोळी शंभर-सव्वाशे ग्रॅमची धरली तर तीस पोळ्यांचे साडेतीन किलो, त्यातलं पाणी वजा करता अडीच किलो कोरडा माल. गहू २, गूळ १. एकूण साडेआठ किलो. साडेतीनशे किलोच्या अंगाला म्हणजे किलोमागे २४ ग्रॅम. दाण्याची सवय नसलेल्या ढोराला किलोमागे २५ ते ६० ग्रॅम भरडलेला दाणा जिवावर बेतू शकतो, असा आमच्या शास्त्राचा अंदाज आहे. तुमचा बैल त्या उंबरठ्यावर उभा आहे. शिवाय शिजवलेली ज्वारी, पोळीचं पीठ आणि गूळ हे अख्ख्या दाण्यापेक्षा कितीतरी लवकर आंबतात, त्यामुळे २४ हा आकडा मी कमी समजत नाही.

गोठा_विज्ञान (सकाळी ९.००)

सर, एक शंका. जोडीदारानेही पोळ्या खाल्ल्याच असतील, त्याला काही का झालं नाही? आणि गायींना रोज सहा-सात किलो आंबोण घालणारे लोक आहेत, त्यांच्या गायी मरत नाहीत. मग साडेआठ किलोने बैल आजारी कसा पडतो?

निवृत्त_पशुधन (सकाळी ९.५०)

याचं उत्तर कोठीपोटात आहे. बैलाच्या डाव्या कुशीत शंभर लिटरच्या आसपास मावेल एवढं हे पोट असतं. बैल कडबा स्वतः पचवत नाही, तो आतले जंतू पचवतात, आणि त्या जंतूंनी सोडलेल्या आम्लांवर बैल जगतो. म्हणजे आम्ल हे मुळात बैलाचं अन्नच आहे, दोष आम्लाचा नाही. निरोगी पोटात वर गॅस, मध्ये कडब्याचा तरंगता जाड थर आणि खाली पाणी असं असतं. पोट मिनिटाला एक-दोनदा आकसून हे सगळं घुसळतं. तुमच्या मुठीला जाणवायला हवी होती ती हीच लाट.

कडबा हळू सडतो, म्हणून आम्लही हळू तयार होतं, आणि जेवढं होतं तेवढं पोटाच्या भिंतीवरच्या बारीक लवेतून रक्तात शोषलं जातं. उरलेलं लाळ मारते. लाळेत सोडाच असतो. कडबा खाताना आणि नंतर सात-आठ तास रवंथ करताना बैल लिटरच्या लिटर लाळ गिळतो, मोठ्या संकरित गायीत ती दिवसाला शंभर लिटरच्या वर जाते. त्यामुळे कडब्यावरच्या ढोराच्या पोटाचा सामू सहाच्या वरच राहतो, साडेसहाच्या आसपास.

आता ठोंबरा पाहा. तो चघळायचा प्रश्नच नाही, बैल सरळ गिळतो. लाळ कमी, रवंथ कमी, आणि आत पिष्ट आयतं शिजवलेलं. पिष्ट खाणारे जंतू कडब्यावरच्या बैलात थोडेच असतात, पण असा माल मिळाला की त्यातले काही वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. त्यांच्या आम्लाने सामू साडेपाचाखाली उतरला की ते लॅक्टिक आम्ल बनवू लागतात, म्हणजे दह्यातलंच. ते पोटातल्या नेहमीच्या आम्लांपेक्षा दसपट तीव्र असतं. कडबा पचवणारे जंतू सहाच्या खाली मंदावतात आणि पाचाजवळ मरू लागतात. पाचाखाली फक्त आम्लातच वाढणारे जंतू उरतात आणि ते आणखी आम्ल ओततात. इथून पुढे चक्र आपोआप थांबत नाही.

रोज सात किलो आंबोण खाणाऱ्या गायीच्या पोटात लॅक्टिक आम्ल खाऊन संपवणारे जंतू असतात. पण ते एका रात्रीत येत नाहीत, त्यांची वस्ती वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि भिंतीवरची लव लांब व्हायला चार ते सहा. तुमच्या बैलाकडे काल यातलं काहीच नव्हतं. सवयीचं जनावर पंधरा किलो दाणा खाऊन थोडक्यात सुटतं आणि बिनसवयीचं दहा किलोत मरतं, ते याचमुळे. जोडीदाराचं म्हणाल तर त्याच्या वाट्याला ठोंबऱ्याचा एकच किलो आला. पोळ्याही बहुधा कमी मिळाल्या असतील, पुढे चालणाऱ्या बैलाच्याच तोंडात लोक जास्त घालतात. तरी त्याच्याही कुशीत मूठ ठेवून पाहा.

शेलूबाजार_डेअरी (सकाळी १०.१५)

हे वाचून विचारतो. माझ्याकडे चार एचएफ संकरित गायी आहेत. ताज्या व्यालेल्या गायीला आठव्या दिवसापासून एकदम आठ किलो आंबोण सुरू केलं, दोन वेळा चार-चार किलो, बहुतेक मक्याचा भरडा. मरगळ नाही, पण एक दिवस खाते, एक दिवस सोडते. फॅट ४.१ वरून ३.० वर आलं. शेण पातळ, त्यात बुडबुडे. आमचा ढेपवाला म्हणतो सरकी ढेप कमी करा, ढेपेनेच पोट खराब होतं. हे तेच का?

निवृत्त_पशुधन (सकाळी १०.४०)

तोच रोग, पण दबक्या पावलांनी आलेला. तुमच्या गायीचा सामू पाचाखाली जात नाही. दिवसातले काही तास साडेपाचाच्या आसपास उतरतो आणि पुन्हा चढतो, म्हणून एक दिवस खाते, एक दिवस सोडते. फॅट पडतं कारण दुधाचं फॅट बनायला लागणारं आम्ल कडब्यातून येतं, आणि तो पचवणारेच मंदावलेत.

ढेपवाल्याचं अर्धं खरं आहे. कोणताही पशुखाद्याचा बदल एकदम करू नये, पण सरकी ढेपेत पिष्ट फारच कमी असतं, प्रथिनं आणि तंतू जास्त. तुमचा अपराधी मक्याचा भरडा, तोही एका वेळी चार किलो. भरडा बारीक दळलेला असेल तर आणखी वाईट. गहू सगळ्यांत लवकर आंबतो, त्याच्या मागे मका, आणि ज्वारी सर्वांत सावकाश, पण पिठाइतकी बारीक दळली की ज्वारीही सावकाश राहत नाही.

आज भरडा निम्मा करा. कडबा-कुट्टी आधी, आंबोण मागून. एका वेळी दोन किलोच्या वर नको, हवं तर दिवसातून चार वेळा घाला. कुट्टी बोटाच्या पेरापेक्षा लांब ठेवा, पावडर झालेल्या कुट्टीने रवंथ होत नाही. आंबोणात दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम सोडा मिसळा. आठ-दहा दिवस फॅट आणि शेण पाहा, मग दर तीन दिवसांनी पाव-पाव किलो वाढवा. शेण घट्ट झालं नाही तर वाढवू नका. आणि खूर पाहत राहा, वारंवार असं झालं की महिन्या-दोन महिन्यांनी खुरांवर उतरतं.

शेलूबाजार_डेअरी (सकाळी ११.०५)

करतो. पण पाण्याचं पटलं नाही सर. बैलाला हौदावर सोडू नका म्हणता, आणि अशा ढोराचे डोळे तर खोल जातात. पाणी कमी पडूनच मरतं ना?

निवृत्त_पशुधन (सकाळी ११.३०)

प्रश्न रास्त आहे. पोटात आम्ल आणि विरघळलेला माल एवढा दाट झालेला असतो की तो रक्तातलं पाणी आत ओढतो. डुचमळ आवाज त्याचाच. कडब्याचा थर मोडतो आणि सगळ्याची आंबट पेज होते. रक्त घट्ट होतं, डोळे खोल जातात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते. बैल तहानलेला दिसतो, पण पाजलेलं पाणी त्याच पेजेत जाऊन बसतं, रक्तात फार थोडं पोहोचतं, आणि पोट आणखी फुगतं. म्हणून सुरुवातीचे बारा ते चोवीस तास मोकळं पाणी बंद आणि कमतरता शिरेतून भरायची, हे मी शिकलो आणि केलं.

व्हेट_अकोला (सकाळी ११.५०)

सरांशी पूर्ण सहमत नाही. पहिल्या आठ-दहा तासांत, जनावर चांगलं असताना पाणी बंद करणं ठीक. पण डोळे खोल गेल्यावर आणि सलाईन मिळायला चार-पाच तास असताना मी दर तासाला दोन-तीन लिटर कोमट पाणी ठेवतो. हौद भरून पिऊ देत नाही, एवढाच फरक. दोन्ही पद्धतींनी बरी झालेली जनावरं पाहिली आहेत, तोलून पाहिलेलं मात्र नाही. बाकी एक सांगतो, बाटलीने सोडा पाजल्यावर लोक निर्धास्त होतात, ते नको. सामू पाचावर आला असेल तर दीडशे ग्रॅम सोडा म्हणजे नुसती वेळ काढणं.

निवृत्त_पशुधन (दुपारी १२.०५)

वेळ काढण्यासाठीच सांगितला. पाण्याबाबत तुमचं-माझं जमणार नाही असं दिसतं. दारव्हेकर, डोळे खोल वाटू लागले तर अकोल्याचं ऐका आणि तासाला दोन लिटरच्या वर जाऊ नका.

चांदूर_सोयाबीन (दुपारी १.२०)

मधेच विचारतो, माफ करा. आमच्याकडं मागल्या हंगामात म्हशीनं खळ्यावर सोयाबीन खाल्लं होतं, पोट ताडताड फुगलं अन् थरथरत होती. तेही आम्लच का? आणि अशा वेळी कुशीत सळई मारतात ती मारावी का?

व्हेट_अकोला (दुपारी १.४५)

सळई गॅससाठी असते. वर मोकळा गॅस कोंडला, श्वास अडला, जनावर पडायच्या बेतात असलं तर पशुवैद्यक ती मारतात. दारव्ह्याच्या बैलाच्या पोटात पेज आहे, तिथे सळई मारून आंबट पाणी पोटाच्या पोकळीत सांडेल, हे कोणी करू नका.

सोयाबीनचं वेगळं. त्यात पिष्ट थोडं, प्रथिनं आणि तेल भरपूर. थरथर वाटते ती अमोनियाची, म्हणजे सरांनी सांगितलेल्या व्हिनेगरची बाजू. पण काही सोयाबीन खाल्लेल्या जनावरांत मला सामू खालीही दिसला आहे, सोबत काय खाल्लं त्यावर असावं. पोटातलं पाणी काढून सामूची पट्टी लावल्याशिवाय सोडा की व्हिनेगर ठरवू नये, एवढंच खात्रीने सांगतो. चुकीच्या बाजूने दिलं तर दोन्ही मारक.

बळीरामकाका_मूर्तिजापूर (दुपारी २.१०)

मंग ताकानं आजवर बरे झाले ते कसे? साहेब लोक सांगा.

निवृत्त_पशुधन (दुपारी २.३०)

काका, दोन-तीन किलो जास्त खाल्लेला बैल कशानेही बरा होतो, दिवसभर उपाशी ठेवला तरी. त्यांच्यात सामू साडेपाचाच्या वरच थांबतो आणि लाळ तो परत वर ओढते. अशांना तुम्ही ताक पाजलंत, ते बरे झाले, श्रेय ताकाला मिळालं. आठ किलोवाल्याला पाजलं असतं तर हिशेब कळला असता.

दारव्हा_कोरडवाहू (सायंकाळी ६.५०)

डाक्टर तीन वाजता आले. तोपर्यंत नाडी १०० झाली होती, ताप नाई, कान थंडे. डोळे थोडे खोल. बैल उभाच होता, पण चालताना लडखडत होता.

तोंडातून इंचभर जाडीची नळी पोटात टाकली. पहिलं पाणी आलं ते दुधाळ राखाडी, सडक्या ताकासारखा वास. पट्टी लावली, पाच अन् साडेपाचच्या मधात, डाक्टर म्हणे ५.२ धरा. म्हणे याच्यात कामाचा एकही जित्ता जंतू दिसायचा नाई. मग दहा लिटर कोमट पाणी नळीतून आत, नळी खाली करून बाहेर, परत आत, परत बाहेर. बारा-तेरा वेळा केलं. पयल्या चार-पाच वेळा ज्वारी अन् पुरण निघत होतं, शेवटी नुसतं पाणी. मग साडेतीनशे ग्रॅम मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आठ लिटर पाण्यात नळीनंच सोडलं. शिरेतून सोड्याचं सलाईन, मागून साधं सलाईन, बी१ चं इंजेक्शन. आता नाडी ८८. उभा आहे, एकडाव शेपटी हालवली.

निवृत्त_पशुधन (सायंकाळी ७.१५)

नेमकं काम झालंय. सोड्याऐवजी मॅग्नेशियम दिलं कारण त्याने गॅस होत नाही आणि असर टिकतो. नळीने धुऊन माल बाहेर काढणं हे मात्र सगळ्यांत मोठं काम, नाहीतर औषधाने आम्ल मारत राहायचं आणि आत शिल्लक ज्वारी नवं बनवत राहणार. सामू पाचाखाली, नाडी एकशेवीसच्या वर आणि बैल आडवा, असं असतं तर नळीचा उपयोग नव्हता, कूस उघडून पोट रिकामं करावं लागलं असतं. ते गोठ्यात होत नाही असं नाही, पण अकोल्याच्या किंवा नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेलेलं बरं, आणि तेही पहिल्या चोवीस तासांत.

आता दुसरा भाग. त्याचे कडबा पचवणारे जंतू मेलेत, पोट म्हणजे रिकामी भट्टी आहे. उद्या त्याला निरोगी ढोराच्या पोटातलं पाणी मिळालं तर भूक लवकर येते. जोडीदार रवंथ करत असेल तेव्हा त्याच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून कोमट पाण्यात कालवून पाजतात, पण त्यात माल थोडा येतो. खाटकाकडे नुकत्याच कापलेल्या बोकडाच्या कोठीपोटातलं पाणी दोन-तीन लिटर मिळालं, फडक्यातून गाळून अर्ध्या-एक तासात गरम असतानाच नळीने दिलं, तर जास्त बरं. थंड झालेलं निरुपयोगी. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि आज नको. सामू सहाकडे आल्यावर, नाहीतर नवेही मरतील.

गोठा_विज्ञान (दुसरा दिवस, सकाळी ८.४०)

पुढच्या पोळ्यासाठी कोणी नीट हिशेब सांगेल का? बैलाला न खाऊ घालता पोळा करा म्हणणं गावात चालणार नाही.

व्हेट_अकोला (दुसरा दिवस, सकाळी ९.३०)

न खाऊ घालायची गरज नाही. पंधरा-वीस दिवस आधी रोज अर्धा किलो जाडसर ज्वारीचा भरडा सुरू करा, दर तीन-चार दिवसांनी पाव किलो वाढवून दीड किलोपर्यंत न्या. पोळ्याच्या सकाळी पोटभर कडबा किंवा गवत आधी. उपाशी बैल तोरणाखाली उभा करू नका, उपाशी पोट ठोंबऱ्यावर तुटून पडतं. घरचा ठोंबरा बैलामागे एक किलो ज्वारीच्या वर नको, आणि प्रत्येकाला वेगळ्या टोपल्यात, दारव्ह्याचा घोळ तिथेच झाला. गावात घरोघरी पोळी देताना चतकोर द्या, पण खरं सांगायचं तर गावात कोणी ऐकत नाही, म्हणून सुपातले गहू आणि गूळ तरी मधल्या माणसाने हातात घ्यावेत. ते घरी आणून आठवडाभर मूठ-मूठ घाला, आवतणाचा मान राहतो.

पंधरा दिवस आधी भरडा जमला नाही तर त्या दिवशीचा एकूण कोरडा माल दीड किलोवर थांबवा.

दारव्हा_कोरडवाहू (चौथा दिवस, रात्री ८.२०)

काल बोकडाच्या पोटातलं पाणी अडीच लिटर दिलं, डाक्टरनंच आणलं. आज सकाळी कडब्याच्या चार पेंड्यांतली एक खाल्ली, दुपारी बसून रवंथ केली. मुठीले लाट येते, दोन मिनिटांत दोन. शेण अजून सैल, पण वास गेला. एक नवीन : पुढचे दोन्ही पाय उचलून-उचलून टाकते, खुराच्या वर हात लावला तर गरम लागते. रान तणानं भरलं, डवरणी अडून पडली आहे. कधी जुंपू?

निवृत्त_पशुधन (चौथा दिवस, रात्री ९.०५)

निदान तीन आठवडे नाही. पोटाची भिंत आम्लाने भाजली आहे, तिथून जंतू यकृतात उतरायची भीती असते, म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं असेल तर पूर्ण करा. ताप आला किंवा खाणं पुन्हा सुटलं तर थांबू नका. खुराची ऊब ही त्याच आम्लाची दुसरी पावती. मऊ जागेवर उभा करा, तणस किंवा कुटार जाड पसरा, सकाळ-संध्याकाळ खुरांवर थंड पाणी पंधरा-वीस मिनिटं, आणि डॉक्टरांना सुजेचं औषध विचारा. खूर थंड पडून चाल सरळ झाली, तरच हलक्या डवऱ्याला अर्धा दिवस.

बळीरामकाका_मूर्तिजापूर (चौथा दिवस, रात्री ९.३०)

माह्या भाच्याचं ट्रॅक्टर आहे दारव्ह्याले, डवरणीले पाहिजे असन तर सांग. अन् पट्टी कोठं मिळते ती सामूची? घरात ठेवतो एक डबी.

व्हेट_अकोला (चौथा दिवस, रात्री ९.४५)

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात, औषधाच्या मोठ्या दुकानातही मागवून देतात. पण काका, लाळेवर किंवा शेणावर लावून पाहू नका. लाळ सोड्याची असते, पट्टी आठच्या आसपास दाखवेल आणि बैल आत जळत असेल. पाणी पोटातलंच लागतं, नळीने काढताना पहिलं लाळमिश्रित सोडून नंतरचं घ्यायचं.

चांदूर_सोयाबीन (चौथा दिवस, रात्री १०.१०)

सोयाबीनच्या म्हशीचं अजून डोक्यात आहे. ती वाचली, पण दूध तेव्हापासून निम्म्यावरच. हेही पोटाच्या भिंतीमुळं असू शकते का? वेगळा धागा काढू?

व्हेट_अकोला (चौथा दिवस, रात्री १०.२५)

काढा. त्यात ती किती महिन्यांची व्यालेली, आता काय खाते आणि शेण कसं आहे ते लिहा, नाहीतर नुसता अंदाज होईल.